हेल्मेटच्या व्हिडिओची संहिता: आकडे नकोत, रक्त नको, मग दाखवू काय?

चाकोरीबाहेर

मंडळी, मदत हवी आहे. आमच्या कारखान्यात सुरक्षा सप्ताहासाठी दीड मिनिटाचा व्हिडिओ करायचाय आणि संहितेचं काम माझ्या गळ्यात पडलंय. विषय दुचाकीचं हेल्मेट. गेटपाशी आणि जेवणाच्या हॉलमध्ये जे पडदे आहेत त्यांवर तो दिवसभर फिरत राहणार.

मागच्या वेळी आकड्यांची चित्रफीत लावली होती. इतके मेले, इतके जखमी, शेवटी पांढरी चादर. मी मुद्दाम पडद्याकडे पाठ करून बसलो आणि लोकांचे चेहरे बघितले. चादर आली की माना ताटात जायच्या, आणि पुढची फीत सुरू झाली की परत वर. तिसऱ्या दिवशी तर कुणी त्या पडद्यासमोर बसेचना.

या वेळी आधी आठवडाभर गेटवर उभा राहिलो. आत येताना जवळपास सगळ्यांच्या डोक्यावर हेल्मेट, कारण त्याशिवाय आत सोडतच नाहीत. मग जेवताना एकेकाला सहज विचारलं, सुट्टीच्या दिवशी घालता का? उत्तर बहुतेकांचं एकच: "घरचं काय घेऊन बसलात, तिथल्या तिथे तर जायचं असतं."

म्हणजे माझ्या प्रेक्षकाकडे हेल्मेट आहे, त्याला ते घालताही येतं, हेल्मेट चांगलं हेही तो मानतो. अडलंय ते फक्त "तिथल्या तिथे"वर. त्यावर हा पहिला खर्डा:

दृश्य १. सकाळ. सुनील कामाला निघतो. हेल्मेट घालतो, बक्कल लावतो. टक्.
दृश्य २. संध्याकाळ. परत येतो. हेल्मेट कपाटावर.
दृश्य ३. मुलगी: "बाबा, कार्डपेपर राहिला! उद्या द्यायचाय!" सुनील कपाटाकडे बघतो. "इथंच तर जायचंय." तसाच निघतो.
दृश्य ४. वळण. वाळू. पुढचं चाक सटकतं. पडदा काळा.
दृश्य ५. कपाटावरचं हेल्मेट. मुलगी दारात उभी. अक्षरं: "जवळ म्हणजे किती जवळ?"

झोडपा.

दोनचाकी

छान आहे. शेवटी अंगावर काटा आला. मुलीच्या डोळ्यांत पाणी दाखवा, अजून परिणाम होईल.

संकलक

चाकोरीबाहेर, मी बरीच वर्षं आरोग्य खात्यांसाठी असल्याच फिती कापल्यात, म्हणून जरा रोखठोक लिहितो. तुम्ही चादर काढलीत आणि मुलगी उभी केलीत. फीत तीच आहे.

तुमचा सुनील पंधरा वर्षं "इथंच" जातोय असं धरा. आठवड्यातून चार वेळा म्हटलं तरी तीन हजारांवर फेऱ्या झाल्या, आणि प्रत्येक वेळी तो सुखरूप घरी आलाय. तुमचा व्हिडिओ त्याला सांगतो की गेलास तर मेलास. त्याचा अनुभव सांगतो की काही होत नाही. माणूस कुणाचं ऐकेल? "अतीच करतात" म्हणेल आणि ताटात बघेल. तुम्ही ते डोळ्यांनी बघितलंच आहे.

हे नुसतं माझं मत नाही. किम विटी या संशोधिकेने १९९२ मध्ये हे नीट मांडलंय. भीती घातली आणि सोबत "हे मला सहज जमेल, आणि याने खरंच फरक पडेल" असं काही हातात दिलं नाही, तर माणूस धोका टाळायच्या मागे लागत नाही, त्या भीतीलाच टाळतो. मान वळवतो, चेष्टा करतो, चॅनेल बदलतो. १९९९ मध्ये इस्रायलमधले काही प्रयोग प्रसिद्ध झाले. ज्यांना आपल्या गाडी चालवण्याचा अभिमान होता अशा तरुणांना मरणाची आठवण करून दिली, तर ते जपून चालवायच्या ऐवजी जास्तच बेदरकार झाले. तुमच्या गेटवर असे किती आहेत ते तुम्हीच मोजा.

म्हणून एक प्रश्न विचारतो. व्हिडिओ संपल्यावर सुनीलने घरी जाऊन हाताने नेमकं काय करायचं? तुमच्या खर्ड्यात त्याचं उत्तर नाही.

सडेतोड

आधी रस्त्यावरची वाळू उचला, खड्डे बुजवा, मग लोकांना शिकवा. सगळं खापर गाडी चालवणाऱ्यावर.

चाकोरीबाहेर

सडेतोड, वाळू उचलायला मी एका पायावर तयार आहे, पण मला दिलाय तो व्हिडिओ.

संकलक, मुद्दा लागला. खरं सांगायचं तर मुलगी दारात उभी करताना मलाच आपण फार भारी लिहितोय असं वाटत होतं, तिथेच शंका यायला हवी होती. पण अपघात काढून टाकला तर गोष्ट काय उरते? माणूस हेल्मेट घालून कार्डपेपर आणतो आणि घरी येतो. हे कोण बघणार?

संकलक

अपघात काढू नका, माणूस वाचवा. हेल्मेट घालूनच पडू दे.

आणि पडण्याची लाज दाखवा. दुचाकीवरून हळू पडलेल्या माणसाला पहिली चिंता दुखण्याची नसते, कुणी बघितलं का याची असते. तो उठतो, कपडे झटकतो आणि कुणी विचारायच्या आतच "काही नाही, काही नाही" म्हणतो. हे ज्याने केलेलं नाही असा एक तरी दुचाकीवाला दाखवा. तिथे तुमचा प्रेक्षक हसेल, आणि ज्याला तो हसतोय तो तोच असेल.

दोनचाकी

पण मग खोटं दाखवल्यासारखं नाही का होणार? हेल्मेटची चाचणी ताशी २७ किलोमीटरच्या वेगालाच घेतात. म्हणजे साठच्या वेगात पडलं तर उपयोग शून्य. मी घाटात चालवतो, तिथे हेल्मेट म्हणजे मनाचं समाधान. (मी घालतो, पण समाधान म्हणूनच.)

मास्तर

दोनचाकी, आकडा तुम्ही बरोबर दिलात, अर्थ चुकीचा लावलात. युरोपच्या नियमावलीत हेल्मेट साधारण सेकंदाला साडेसात मीटर वेगाने ऐरणीवर आपटतात, ते ताशी २७ च्या आसपासच येतं. पण तो वेग गाडीचा नाही. डोकं ज्या पृष्ठभागावर आपटतं त्याच्या दिशेने असलेला तो वेग आहे.

हे मी वर्गात खडू घेऊन सांगतो. तुम्ही गाडीवर बसलात की डोकं जमिनीपासून साधारण दीड मीटरवर असतं. गाडी पूर्ण थांबलेली आहे असं समजा, आणि पाय टेकायचा राहून तुम्ही आडवे झालात. डोकं जमिनीवर पोचेपर्यंत त्याचा वेग किती होतो? दीड मीटरवरून सुटलेल्या कुठल्याही वस्तूइतका, म्हणजे ताशी जवळजवळ २० किलोमीटर. गाडीचा वेग शून्य आणि डोक्याचा वीस! आता तीच गाडी साठने चाललीय आणि तुम्ही सपाट रस्त्यावर पडलात. पुढे घसरत जाल, कातडी सोलवटेल, पण डोकं वरून खाली येतं ते साधारण त्याच विसाने. म्हणून ती चाचणी दिसते तितकी फुसकी नाही. खांबावर किंवा समोरच्या गाडीवर सरळ डोकं गेलं तर मात्र सगळाच वेग कामाला येतो, आणि तिथे हेल्मेटला मर्यादा आहे. ते मी नाकारत नाही.

आता आतल्या थर्मोकोलचं काम. हो, पेटीत टीव्हीभोवती येतो त्याच जातीचा, फक्त जास्त घट्ट. डोकं दीड मीटर पडून वेग कमावतं आणि तो सगळा वेग त्याला कुठेतरी संपवायचा असतो. थर्मोकोल दोन सेंटीमीटर दबला, तर दीड मीटरची कमाई दोन सेंटीमीटरमध्ये संपते, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या साधारण ७५ पट हिसका. जबरदस्त आहे, पण सोसण्यासारखा. उघडं डोकं आणि डांबर यांच्यात दबायला दोन मिलिमीटर मिळाले तर हिसका दहापट. सगळा खेळ त्या अठरा मिलिमीटरांचा आहे.

चाकोरीबाहेर

मास्तर, हे वाचून दोन मिनिटं खुर्चीतच बसून राहिलो. गाडीचा वेग शून्य, डोक्याचा वीस. हे अक्षरांत टाकतो!

संकलक

टाकू नका. जेवणाच्या हॉलमध्ये भौतिकशास्त्र कुणी वाचत नाही. मास्तरांचं गणित तुमच्या दिग्दर्शनात जाऊ दे. सुनील वेगात नको, वळणही नको. अगदी घराच्या फाटकाशी, गाडी थांबवताना पडू दे. वेगात पडला तर बघणारा म्हणेल, "मी कुठे वेगात जातो?" थांबताना पडला तर पळायला वाटच राहत नाही.

पिंपळपान

थोडं अवांतर, पण "तिथल्या तिथे" वरून आठवलं. अरबस्तानात गाजलेला टी. ई. लॉरेन्स मे १९३५ मध्ये मोटारसायकलवरून पडला तो अशाच फेरीत. घरापासून मैल-दीड मैलावरच्या लष्करी छावणीत तो पार्सल टाकायला आणि तार करायला गेला होता. परत येताना सायकलवरची दोन मुलं अचानक समोर आली, त्यांना चुकवताना तो फेकला गेला, डोक्यावर काही नव्हतं. सहा दिवसांनी गेला. त्याला तपासणाऱ्या डॉक्टरांत ह्यू केर्न्स हा मेंदूचा शल्यविशारद होता. केर्न्स पुढे या विषयाच्या मागेच लागला आणि १९४१ मध्ये त्याने लष्करी मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या जखमांवर लेख लिहिला. हेल्मेटच्या शास्त्राची सुरुवात पुष्कळजण तिथून धरतात.

व्हिडिओत घ्या असं म्हणत नाही. तारेच्या जागी कार्डपेपर आला, एवढंच.

चष्मेवाला

मला चुकून धाग्याचा विषय "कुठलं हेल्मेट घ्यावं" असा वाटला म्हणून आत आलो. माझं डोकं मोठं आहे आणि वर चष्मा. असो. आलोच आहे तर कबुली देतो, मी जवळ जाताना हेल्मेट घालत नाही याचं कारण आळस नाही, चष्मा आहे. आधी चष्मा काढा, तो कुठे ठेवायचा ते शोधा, हेल्मेट घाला, मग काड्या आत सरकवा. काड्यांची टोकं कानामागे वळलेली असली की त्या गालाच्या गादीत अडकतात आणि कान दुमडतो. घाई असली की माणूस हा सोपस्कार टाळतोच. व्हिडिओवाल्यांना हे कधी दिसत नाही. त्यांच्या व्हिडिओत सगळे बिनचष्म्याचे आणि देखणे.

संकलक

चष्मेवाला, तुम्ही चुकून आलात ते बरं झालं. हेच पाहिजे होतं. चाकोरीबाहेर, सुनीलला चष्मा लावा. न घालण्याचं कारण खरं असलं की प्रेक्षक लगेच मानतो, हा आपल्यातला आहे.

निशिगंधा

माझी हकिकत सांगते, कारण खर्ड्यात "टक्" आहे आणि सगळ्यांनी तो गृहीत धरलाय.

मी हेल्मेट घालून पडले होते. गाडी जवळजवळ थांबलीच होती, मास्तर म्हणतात तशीच. पट्टा लावला होता, पण सैल, हनुवटीखाली मूठ जाईल इतका, कारण घट्ट केला की गुदमरल्यासारखं व्हायचं. पडले तेव्हा आधी हेल्मेट निघून पुढे घरंगळत गेलं आणि मग डोकं टेकलं. कानाच्या वर टाके पडले. लोक हेल्मेट हातात देत म्हणाले, "बघा, घालायला हवं होतं." मी घातलं होतं हो!

नंतर एका मेकॅनिकने दाखवलं. पट्टा लावायचा, मग मागून हेल्मेटची कड धरून ते पुढे कपाळावरून ओढून काढायचा प्रयत्न करायचा. निघालं तर ते टोपी आहे, हेल्मेट नाही. माझं चुटकीसरशी निघालं. पट्टा सैल होताच, शिवाय मापही एक घर मोठं होतं. दुकानात घालून बघताना मऊ-मऊ, आरामशीर वाटलं म्हणून तेच घेतलं होतं. नवं हेल्मेट गालांना दाबून बसायला हवं, इतकं की बोलताना गाल दातांत यावा. आतल्या गाद्या वापरून दबतात, म्हणून सुरुवातीला आरामशीर असलेलं सहा महिन्यांत डोक्यावर फिरायला लागतं.

चष्मेवाला

म्हणजे मला अजून घट्ट घ्यावं लागणार! मेलो.

निशिगंधा

सरळ काड्यांचा चष्मा करा ना. टोकं वळलेली नसली की गादी आणि कानशील यांच्या फटीतून काडी अलगद जाते. काही हेल्मेटांत त्यासाठी गादीत खाच दिलेली असते, घेताना बोट घालून बघा. आणि मोठं डोकं म्हणजे किती मोठं? भुवयांच्या वरून शिवणाची टेप फिरवून सेंटीमीटर मोजा. हेल्मेटच्या आत माप त्याच हिशेबात लिहिलेलं असतं.

चष्मेवाला

धन्यवाद. बदल्यात माझा एक जुगाड सांगतो. वर म्हटलं की जवळ जाताना घालत नाही, ते गेल्या वर्षापर्यंत खरं होतं. मग गाडीची किल्ली हेल्मेटच्या आत टाकायला लागलो. खुंटीवर नाही, खिशात नाही, हेल्मेटमध्ये. किल्ली घ्यायची तर हेल्मेट हातात येतंच. एकदा हातात आलं की परत ठेवणं जास्त जिवावर येतं. चष्म्याचा वैताग आहेच, पण आता मी वैतागत घालतो.

संकलक

थांबा सगळे. चाकोरीबाहेर, सुनीलने हाताने काय करायचं, मिळालं ना?

"हेल्मेट घाला" ही सूचना त्याने तीन हजार फेऱ्यांत तीन हजारदा नाकारली आहे. "किल्ली हेल्मेटमध्ये ठेवा" ही मात्र त्याने अजून एकदाही नाकारलेली नाही. आणि ती पाळायची वेळ निघायच्या घाईतली नाही, घरी परत आल्यावरची आहे, निवांत. जवळ की लांब हा निर्णय दारात होतो आणि तिथे तो नेहमी हरतो. किल्लीने तो निर्णयच दारातून काढून टाकला.

दीड मिनिट या एका कृतीला द्या. बाकी सगळं तिच्या सेवेत.

चाकोरीबाहेर

दुसरा खर्डा. रात्री बसून लिहिला. तिन्ही दिवे निशिगंधा, मास्तर आणि चष्मेवाल्यांनी लावलेत, मी फक्त लिहून काढलं.

दृश्य १ (१५ सेकंद). संध्याकाळ. सुनील घरी येतो. हेल्मेट काढताना चष्मा तिरका होतो. हेल्मेट टेबलावर उलटं, किल्ली त्यात टाकतो. कॅमेरा हेल्मेटच्या आत: वरून किल्ली येऊन पडते.

दृश्य २ (१५ सेकंद). मुलगी: "बाबा, कार्डपेपर राहिला!" सुनील सवयीने खिसा चाचपतो. दुसरा खिसा. मग आठवतं. हेल्मेटमध्ये हात घालतो. किल्ली हातात, हेल्मेटही हातात. परत ठेवावं की घालावं, क्षणभर तसाच. सुस्कारा. चष्मा काढतो.

दृश्य ३ (१५ सेकंद). अगदी जवळून. काड्या फटीतून आत जातात. अंगठ्याने बक्कल दाबून बसवतो. मागून कड धरून एकदा ओढून बघतो. हलत नाही.

दृश्य ४ (२० सेकंद). परतीची वाट. पाठीला कार्डपेपरची गुंडाळी. फाटकाशी थांबतो, पाय टेकतो, तो नेमका वाळूवर. गाडी हळूच कलते. कट. जमिनीच्या पातळीवरून: हेल्मेट टेकलेलं, त्याच्या आत सुनीलचा वैतागलेला चेहरा, चष्मा नाकाच्या टोकावर. समोर शेजारी बघतोय. सुनील ताडकन उठतो. "काही नाही, काही नाही."

दृश्य ५ (१५ सेकंद). घर. मुलगी कार्डपेपर उलगडते, मधोमध मोठी मोड. "बाबा! हे काय केलंत!" सुनीलचं लक्ष नाही. हेल्मेटच्या बाजूला खडबडीत ओरखडा आहे, त्यावरून तो बोट फिरवतो. तेच बोट मग आपल्या कानाच्या वर नेतो, त्याच जागी. थांबतो.

दृश्य ६ (१० सेकंद). सवयीने किल्ली हेल्मेटमध्ये टाकतो. अक्षरं: "किल्लीची जागा."

संकलक

पाचवं दृश्य राखा, त्याला कुणी हात लावू नका. संवाद घालू नका, संगीत तर मुळीच नको.

दोन दुरुस्त्या. एक, तुमचे पडदे गेटवर आणि जेवणाच्या हॉलमध्ये आहेत, तिथे आवाज ऐकू येत नाही. पहिल्या खर्ड्यातला "टक्" तिथे मेलाच असता. अंगठा जवळून घेतलात ते बरं झालं, पण मुलीची दोन्ही वाक्यंही खाली अक्षरांत यायला हवीत. संपूर्ण फीत एकदा आवाज बंद करून अशा कुणाला दाखवा ज्याला विषय माहीत नाही, आणि काय कळलं ते विचारा.

दोन, खर्ड्यात बिनहेल्मेटचा सुनील आता कुठेच नाही हे फार चांगलं झालंय. तो मोह पुन्हा होऊ देऊ नका. चुकीची गोष्ट तीनदा दाखवून चौथ्यांदा "असं करू नका" म्हटलं, तर बघणाऱ्याच्या डोक्यात राहतं ते एवढंच, की सगळे असंच करतात.

मास्तर

सहाव्या दृश्याला माझी हरकत आहे. ज्या हेल्मेटवर तो पडला त्यातच किल्ली टाकतोय? आतला थर्मोकोल एकदा दबला की परत फुगत नाही. बाहेरचं कवच ठीक दिसतं, ओरखडा असतो तेवढाच, पण त्या जागेचे अठरा मिलिमीटर खर्च झालेत. तुमचा व्हिडिओ लोकांना तेच हेल्मेट पुन्हा घालायला शिकवेल.

दोनचाकी

इतक्या हळू पडण्याने दबतो का? माझं तर हातातून किती वेळा पडलंय.

मास्तर

रिकामं हेल्मेट हातातून पडलं तर थर्मोकोलला आतून दाबायला डोकंच नसतं, त्यामुळे सहसा फार बिघडत नाही. आत चार-पाच किलोचं डोकं असताना टेकलं की गोष्ट वेगळी. दबलं की नाही हे घरी बघून खात्रीने सांगता येत नाही, म्हणून बदलायचं. आणि हो, आरशाच्या दांड्यावर हेल्मेट टांगणाऱ्यांनी आतली गादी काढून बघावी. दांड्याने थर्मोकोलला खळगा पडलेला असतो, तोही न पडता.

निशिगंधा

मग शेवटी किल्ली नव्या हेल्मेटमध्ये पडू दे. जुन्याचा पट्टा सुनील कात्रीने कापताना दाखवा. मी तसंच केलं होतं, नाहीतर कचऱ्यातून उचलून कुणीतरी घातलं असतं.

चाकोरीबाहेर

पट्टा कापणं दहा सेकंदांत बसवतो. मास्तर, तुम्ही नसतात तर सप्ताहभर चुकीचं दाखवलं असतं.

एक शंका माझीच आहे. आमच्याकडे बऱ्याच घरांत एकच गाडी दोघं-तिघं चालवतात. किल्ली सुनीलच्या हेल्मेटमध्ये, आणि गाडी घेऊन जायची आहे बायकोला. ती किल्ली काढून घेणार आणि हेल्मेट तिथेच ठेवणार, कारण ते तिच्या मापाचं नाही. निशिगंधाचं ऐकल्यावर "मोठं असलं तरी घाल" असंही म्हणता येत नाही.

संकलक

याला माझ्याकडे उत्तर नाही. दोन किल्ल्या, दोन हेल्मेटं, हे सोपं उत्तर. पण दुसरी किल्ली बहुतेकांची कधीच हरवलेली असते.

सडेतोड

वाळू दाखवलीत ते आवडलं. निदान रस्त्याचा दोष पडद्यावर तरी आला.

पिंपळपान

आणि मुलीचं काय? कधी ना कधी ती मागे बसणार. तिच्या मापाचं हेल्मेट टेबलावर शेजारी ठेवा, बोलू नका त्याबद्दल काही.

दोनचाकी

त्याने गोंधळ होईल. एका व्हिडिओत एकच गोष्ट, असं संकलकच म्हणाले ना?

संकलक

म्हणालो खरं. पण छोटं हेल्मेट टेबलावर नुसतं असायला काय हरकत आहे? मला ठरवता येत नाही. शूट करताना दोन्ही तऱ्हा घ्या.

चाकोरीबाहेर

दोन्ही घेतो. चित्रीकरण रविवारी, कारखान्याच्या बंद आवारात. पडण्याचा प्रसंग कुणीही खरा करणार नाही. गाडी दोघं मागून धरून कलती करणार आणि सुनीलला आधीच गादीवर झोपवून वेगळा घेणार. सुनीलच्या भूमिकेला आमच्या भांडारातले एक गृहस्थ तयार झालेत. चष्मा त्यांचा स्वतःचा आहे, वळलेल्या काड्यांचा. काल सरावाला चार वेळा कान दुमडला.

चष्मेवाला

तो कान कापू नका, फितीत राहू दे.

(डोक्याचं माप ६१ आलं. हे कुठलं घर?)

निशिगंधा

प्रत्येक कंपनीचं घर वेगळं असतं, म्हणून अक्षरावर जाऊ नका. आत ६१ लिहिलेलं शोधा, घाला, पट्टा लावा आणि मागून ओढा.